होकार मिळाल्यानंतरचं कॅप्शन: विचारणाऱ्याने काय लिहावं, काय गाळावं

मागणी घालून झाली, समोरून होकार आला, फोटोही हाताशी आहेत. आता फोटोखाली काय लिहायचं, इथे बहुतेकजण अडतात. होकार देणाऱ्याचं काम त्या मानाने सोपं असतं. कसा धक्का बसला, किती आनंद झाला, एवढं लिहिलं तरी भागतं. विचारणाऱ्याकडे मात्र कितीतरी जास्त ऐवज असतो: लपवाछपवी, खोटी कारणं, बदललेले बेत, पाठ केलेली आणि ऐनवेळी हवेत विरलेली वाक्यं. यातलं बहुतेक एकट्यालाच माहीत असतं, म्हणून सगळंच सांगून टाकावंसं वाटतं. आणि कॅप्शन बिघडतं ते त्यामुळेच.

हा लेख फक्त अशा कॅप्शनबद्दल आहे: ज्याने किंवा जिने विचारलं त्यानेच लिहिलेलं, आणि विचारण्यामागची धाकधूक सांगणारं. सोबत एक उदाहरण कच्च्या टिपणापासून शेवटच्या मजकुरापर्यंत नेलं आहे. त्यात विचारणारी मुलगी आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कॅप्शनमध्येही ती टॅगमधून येतातच.

आधी फोन उपसा

लिहायला बसण्याआधी सामान गोळा करायचं, आणि ते त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण साधं आहे. बातमी कळली की प्रत्येकजण विचारतो, “कसं विचारलंस, सांग ना!” चार-पाच वेळा सांगून झालं की गोष्टीला एक ठरलेला आकार येतो. ज्या जागी लोक हसले त्या जागा राहतात, बाकीच्या गळतात. गळतं ते नेमकं बारीकसारीक, आणि कॅप्शनला लागतं तेच.

सुदैवाने या लपवाछपवीच्या खुणा फोनमध्ये राहिलेल्या असतात. कटात सामील असलेल्या मित्राशी किंवा मैत्रिणीशी झालेलं चॅट सगळ्यात मोलाचं, कारण भीती तिथे त्या त्या वेळच्या शब्दांत नोंदलेली असते. मग नोट्समध्ये लिहिलेले आणि खोडलेले भाषणाचे खर्डे. रात्री उशिरा काय काय शोधलं त्याचा इतिहास. लावलेले अलार्म. जागा आधी बघून आलात तेव्हा काढलेले रिकामे फोटो. हे सगळं एकदा वरपासून खालपर्यंत चाळा आणि तुकड्यातुकड्यांत उतरवून काढा. वाक्यं जुळवू नका, क्रम लावू नका. आपल्या उदाहरणातलं टिपण असं होतं:

> तो झोपल्यावर बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं.
> टेकडीवर, संध्याकाळी. पावसाचा अंदाज होता, तरी तेच ठेवलं.
> मैत्रीण आधीच वर जाऊन बसणार, टोपी घालून. फोटो तीच काढणार.
> डबी जॅकेटच्या आतल्या खिशात. फुगवटा दिसतोय. नुसती अंगठी ठेवू? नको, पडेल.
> चार वाक्यं पाठ.
> चढताना वारा. तो म्हणाला थंडी वाजतेय, जॅकेट दे. दोनदा मागितलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले.
> तो गप्पच झाला.
> पहिलं वाक्य आठवेना. सरळ डबी काढली.
> तो: “म्हणून देत नव्हतीस?” मग: “हो. हो ना!”
> उतरताना जॅकेट त्याच्या अंगावर.

मग समोरच्याला विचारा

ही पायरी बरेचजण गाळतात, कारण कॅप्शनसुद्धा सरप्राइज असावं असं त्यांना वाटतं. माझ्या मते एक सरप्राइज पुरे झालं. दोन गोष्टी विचारायच्या. पहिली: त्या दिवशी, आणि त्याआधी, तुला काय दिसत होतं? काही खटकलं का? तुम्ही जो प्रसंग घामाघूम होऊन निभावलात तो पलीकडून अगदी वेगळा दिसलेला असतो. उदाहरणातल्या मुलीने विचारलं तेव्हा कळलं की ती जॅकेट देत नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, ही चिडली आहे. मग तो चढताना आठवत राहिला की या आठवड्यात आपल्या हातून काय झालं असेल. हे तिच्या कुठल्याच नोटमध्ये सापडलं नसतं, आणि कॅप्शनचा अर्धा जीव यातच आहे.

दुसरा प्रश्न परवानगीचा: यातलं काय सांगितलेलं चालेल? रडू आलं असेल, पहिला शब्द “थांब” असा निघाला असेल, उत्तर द्यायला वेळ लागला असेल, तर ते त्या माणसाचं आहे, तुमचं नाही. त्याला स्वतःलाच त्याचं हसू येत असेल तर घ्या. “लिही, पण...” असं म्हणून तो थांबला, तर घेऊ नका.

एकच धागा निवडा

टिपणात पाच-सहा प्रसंग असतील. कॅप्शनमध्ये एकच जातो. निवडायचा कसा? मी एकच कसोटी लावतो: तुमचं गुपित समोरच्या माणसाला कुठे आडवं आलं? जिथे त्याने किंवा तिने काहीतरी साधं मागितलं, विचारलं, उघडायला घेतलं, आणि गुपितापायी तुम्हाला विचित्र वागावं लागलं, तो प्रसंग घ्यायचा. कारण तिथे दोघंही असतात. बाकी बहुतेक तयारीत तुम्ही एकटेच असता.

टिपणावर ही कसोटी लावून बघू. दोऱ्याने माप घेण्याचा प्रसंग गमतीचा आहे, पण तो झोपलेला आहे, म्हणजे खोलीत माणसं दोन आणि पात्र एकच. टोपी घातलेली मैत्रीण ऐकायला मस्त वाटते, पण तिच्यावर भर दिला तर नायिका तीच होऊन बसते. पावसाचा अंदाज खरा ठरला असता तर काही गोष्ट झाली असती. पाऊस पडलाच नाही, म्हणजे तो गेला. जॅकेटमध्ये मात्र सगळं आहे. गुपित तिथेच लपवलंय, समोरचा तेच मागतोय, नकार द्यावा लागतोय, गैरसमज होतोय, आणि त्याचं पहिलं उत्तरही जॅकेटबद्दलच आहे. असा धागा सापडला की बाकीचं सोडायला जड जात नाही.

धागा न निवडता लिहिलं की काय होतं तेही पाहा. तिचा पहिला खर्डा हा होता:

> गेले दोन महिने मी या दिवसाची तयारी करत होते. अंगठी निवडण्यापासून जागा ठरवण्यापर्यंत सगळं गुपचूप केलं. माप घेतलं, मैत्रिणीला तयार केलं, पावसाचं टेन्शन होतं, खूप नर्व्हस होते, हात थरथरत होते, शब्द सुचत नव्हते. पण अखेर तो क्षण आला आणि तो हो म्हणाला! आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस.

यात खोटं काही नाही. पण नाव बदललं तर हे कोणाच्याही फोटोखाली खपेल. कामांची यादी खर्चाच्या हिशोबासारखी वाचली जाते, जणू बेरीज करून शेवटी होकार वसूल केला. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो अख्ख्या मजकुरात फक्त “हो म्हणाला” एवढ्यापुरता येतो. खर्डा तपासताना एक साधी गोष्ट करून बघा: समोरचा माणूस कोणकोणत्या वाक्यात काही करतोय किंवा बोलतोय, ती वाक्यं अधोरेखित करा. एखादंच निघालं तर ते कॅप्शन तुमच्या मेहनतीबद्दल आहे, तुमच्या दोघांबद्दल नाही.

पहिली ओळ

इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर लांब मजकूर दुमडलेला दिसतो. सुरुवातीच्या एक-दोन ओळी तेवढ्या उघड्या असतात, पुढचं वाचायला टिचकी मारावी लागते. म्हणून पहिल्या ओळीवर वेळ घालवणं योग्यच आहे.

फोटोत अंगठी दिसत असेल तर “तो हो म्हणाला” ही पहिली ओळ वाया जाते. ते फोटोनेच सांगितलंय. वाचणाऱ्याला निकाल माहीत आहे. माहीत नाही ते तिथवर कसे पोचलात ते. तेव्हा सरळ तयारीच्या मधोमध, धाग्याच्या पहिल्या टोकापासून सुरू करा. फोटो दोघांचा साधाच असेल, अंगठी नसेल किंवा दिसत नसेल, तर मात्र बातमी पहिल्याच ओळीत सांगून टाका, नाहीतर खाली लोक “म्हणजे नक्की काय झालं?” असं विचारत बसतात.

“शब्द अपुरे आहेत”, “कुठून सुरुवात करू कळत नाही” अशी प्रस्तावना नको. उघड्या दिसणाऱ्या ओळी तिथेच संपतात.

मधला मजकूर

आता तयार कॅप्शन आधी वाचा, मग त्याच्या जोडण्यांकडे बघू.

> “थंडी वाजतेय, तुझं जॅकेट दे ना,” तो म्हणाला. मी नाही म्हणाले.
>
> त्याने परत मागितलं. मी परत नाही म्हणाले, आणि वर “घरून आणायचं ना मग” असंही ऐकवलं. आतल्या खिशात अंगठीची डबी होती आणि अख्खा चढ मी त्या बाजूचा हात अंगाशी घट्ट धरून चालले होते.
>
> तो गप्प झाला. नंतर कळलं, या आठवड्यात आपलं काय चुकलं याची तो मनात उजळणी करत होता. मी माझ्या चार वाक्यांची करत होते. वर पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. नुसतीच डबी पुढे केली.
>
> “म्हणून देत नव्हतीस?”
> आणि मग, “हो. हो ना!”
>
> उतरताना जॅकेट त्याच्या अंगावर होतं. झुडपाआड टोपी घालून बसलेल्या आणि हे फोटो काढणाऱ्या मैत्रिणीचे आभार.

सगळ्यात आधी लक्षात येईल ते म्हणजे “नर्व्हस” हा शब्दच इथे नाही. भीती शब्दाने सांगितली की वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. भीतीने काय करायला लावलं ते सांगितलं की तो थांबतो. अंगाशी धरलेला हात, उगाच मारलेला टोमणा, विसरलेली वाक्यं: तीन कृती, आणि तिन्ही त्याच माणसाच्या, त्याच दिवसाच्या. तुमच्या खर्ड्यात “खूप टेन्शन आलं होतं” असं वाक्य आलं की तिथे थांबून स्वतःला विचारा, त्या वेळी माझे हात काय करत होते? मी तोंडाने काय बोलून गेलो? जे उत्तर येईल ते त्या वाक्याच्या जागी ठेवा. हात थरथरणं, छाती धडधडणं हे प्रत्येकाचंच होतं, ते गाळलं तरी चालतं.

टोमण्याचं वाक्य काढावं का, यावर ती बराच वेळ अडली होती. त्यात ती जराशी वाईट दिसते. मी ठेवायला सांगितलं. विचारणारा माणूस कॅप्शनमध्ये थोडा गोत्यात आलेला, थोडा वेंधळा दिसला की वाचणाऱ्याला तो जवळचा वाटतो. हसायचं असेल तर स्वतःवर हसा. समोरच्याच्या भाबडेपणावर, “याला काही म्हणजे काही कळलं नाही” अशा सुरात हसलात, तर ते लिहिताना गोड वाटतं आणि त्याच्या घरचे वाचतात तेव्हा नाही.

दुसरं, माहितीचा क्रम. डबीबद्दल दुसऱ्या परिच्छेदात सांगितलंय, नकारानंतर. आधी सांगितली असती तर नकारात काही उरलं नसतं. अगदी शेवटपर्यंत लपवली असती तर वाचणाऱ्याला आपल्याला खेळवल्यासारखं वाटलं असतं, कारण अंगठी तर फोटोतच आहे. विचित्र वागणं आधी, लगेच त्याचं कारण, हा क्रम जवळजवळ नेहमी चालतो.

तिसरं, होकार. तो जसा आला तसाच्या तसा, अवतरणात. “त्याने आनंदाने होकार दिला” हे लिहायला सोपं, पण त्यात त्याचा आवाज नाही. खरी उत्तरं सहसा वाकडीतिकडी असतात: “वेडी आहेस का?”, “आधी ऊठ बघू”, नुसतीच मान. शब्द नीट आठवत नसतील तर बनवू नका. “काय म्हणाला ते दोघांनाही आठवत नाही, पण अंगठी बोटात आहे” हेसुद्धा चांगलं उत्तर आहे. उत्तरानंतर मजकूर लगेच आवरता घ्यायचा. इथे एक वाक्य जॅकेटचं आणि एक आभाराचं. प्रेमाची व्याख्या, जन्मोजन्मीची वचनं यांचा मोह इथे होतो. ती त्या माणसाला खाजगीत लिहा, तिथे त्यांना किंमत आहे.

सगळं मिळून हे शंभरएक शब्द झाले. इन्स्टाग्रामची मर्यादा २२०० चिन्हांची आहे, म्हणजे जागेचा प्रश्न नव्हता. देवनागरीत लांब लिहिणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की संगणकाच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं असतात. “हो” मध्ये दोन, “स्त्री” मध्ये सहा. मजकूर दिसतो त्याहून मोजणीत मोठा भरतो.

बेत फसला असेल तर, किंवा बेतच नसेल तर

फसलेला बेत उत्तम धागा असतो, पण त्यात दोष कोणावर टाकता ते बघा. फोटो हुकवलेला मित्र, उशीर झालेली गाडी, गर्दी: यांची तक्रार नको, त्यामुळे तुम्ही ऐनवेळी काय केलंत ते हवं. आणि ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, बोलता बोलता विचारून टाकलं, त्यांनी मागाहून नियोजनाची कहाणी रचू नये. समोरच्याला खरं माहीत असतं. तुमची धाकधूक त्या आधीच्या दहा मिनिटांत असेल तर तेवढीच दहा मिनिटं लिहा.

गाळायच्या गोष्टी

अंगठीची किंमत, किंवा ती सुचवणारं काहीही. “शेवटी अडकलो”, “आता सुटका नाही” हे विनोद. ते शिळे आहेत आणि होकाराच्या शेजारी बरे दिसत नाहीत. “सात वर्षं मागे लागल्यावर” अशी भाषा तर नकोच, कौतुकाने लिहिली तरी. जुन्या नात्यांचा उल्लेख, तुलनेपुरताही, नको. लग्न कधी, कुठे हे ठरलं नसेल तर त्याकडे इशारा करू नका, नाहीतर पुढचे काही दिवस तेवढ्याच प्रश्नाला उत्तरं देण्यात जातील.

तयारीतल्या काही खऱ्या गोष्टीही गाळाव्या लागतात. तुम्ही माप मिळवायला त्याच्या बहिणीशी बोललात, आणि तिने आईवडिलांपासून हे लपवलं होतं, तर ते आता जाहीर होणार आहे. कटातल्या प्रत्येकाला एकदा विचारा, तुझं नाव घेऊ का. एखाद्या शंकेच्या रात्रीबद्दल लिहायचं असेल तर भेद ओळखा: “नीट विचारता येईल ना” ही शंका कॅप्शनमध्ये चालते, “हाच माणूस योग्य आहे ना” ही नाही.

टाकण्याआधी

ज्यांना फोनवरून कळायला हवं त्यांची यादी करा आणि दोघांनी मिळून फोन संपवा. घरचे, अगदी जवळचे मित्र. यातल्या कोणाला पोस्टवरून कळलं तर कॅप्शन कितीही चांगलं असलं तरी त्याचा उपयोग नाही. सहलीला गेला असाल तर ठिकाणाचा टॅग तिथून निघाल्यावर लावा. फोटोच्या मागे घराचा पत्ता, गाडीचा नंबर, दुसऱ्या कोणाचं मूल तर नाही ना, हे मोठं करून बघा.

इन्स्टाग्रामवर सहलेखक म्हणून समोरच्याला आमंत्रण देता येतं. त्याने ते स्वीकारलं की एकच पोस्ट दोघांच्या प्रोफाइलवर दिसते आणि प्रतिक्रियाही एकाच ठिकाणी येतात. मात्र मग हा मजकूर त्याच्याही नावाखाली जातो. म्हणून आमंत्रण पाठवण्याआधी त्याला शेवटचा खर्डा वाचायला द्या, आणि वाचत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. कुठे अडखळला ते वाक्य बदला. उदाहरणातल्या मुलाने एकच बदल सुचवला होता: त्याला दिलेल्या खर्ड्यात “तो रुसला” होतं. तो म्हणाला, मी रुसलो नव्हतो, घाबरलो होतो. म्हणून ते “गप्प झाला” असं झालं.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एवढं लांब कोणी वाचत नाही, आणि ते २४ तासांत जातंही. तिथे त्याच धाग्याची दोन वाक्यं पुरतात. तिने हे टाकलं: “जॅकेट का देत नव्हते ते त्याला कळलं. हो म्हणाला.” पोस्ट झाल्यावर शुद्धलेखनाची चूक दिसली तर इन्स्टाग्रामवर मजकूर दुरुस्त करता येतो, त्यासाठी पोस्ट काढून पुन्हा टाकू नका, खाली आलेल्या शुभेच्छाही त्याबरोबर जातात.